वाऱ्याविरुद्ध जायचं तर फळी पाण्यात हवी

प्रश्न: शिडाची बोट वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते? वारा तिला मागेच ढकलणार ना?

थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. वारा येतो त्या दिशेपासून साधारण 45 अंश बाजूला तोंड ठेवून ती जाते, मग टॅक घेऊन, म्हणजे तोंड वाऱ्यातून पलीकडे फिरवून, तितकीच दुसऱ्या बाजूला. अशी नागमोडी वाऱ्याकडे चढते.

वारा मागून असेल तेव्हा शीड पूर्ण उघडं सोडतात आणि वारा ढकलतो, त्यात समजण्यासारखं काही नाही. वारा बाजूने आला की शीड अर्धं आत ओढायचं. आता ते वाऱ्याला अडवत नाही, वळवतं. वाऱ्याआडच्या फुगीर बाजूवर दाब कमी होतो आणि शीड तिकडे ओढलं जातं. हीच लिफ्ट. (‘फुगीर बाजूचा रस्ता लांब, म्हणून तिकडची हवा पळते’ हे शाळकरी स्पष्टीकरण सोडून द्या. शीड म्हणजे पातळ कापड, त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच.) तोंड आणखी वाऱ्याकडे वळवून शीड घट्ट ओढलं की क्लोज हॉल्ड. इथे लिफ्टचा बराचसा जोर आडवा असतो. पुढे नेणाऱ्या जोराच्या तीन-चारपट सहज. म्हणजे नुसत्या शिडाच्या भरवशावर बोट खेकड्यासारखी आडवीच जाईल. तो आडवा जोर पेलते कील, म्हणजे तळाखाली पक्का बसवलेला उभा पंखा, किंवा डिंगीसारख्या छोट्या बोटीत वर-खाली करता येणारी मधली फळी, म्हणजे सेंटरबोर्ड.

आमचे मेहुणे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्या मते फळी फक्त तोल सांभाळायला असते. एका हिवाळ्यात मुंबई बंदरात आम्ही दोघं डिंगी घेऊन गेलो. वायव्येचा वारा होता. गेटवेपासून आग्नेयेला जाताना वारा पाठीवर, म्हणून मेहुण्यांनी फळी वर ओढली. ते बरोबरच होतं. तेव्हा आडवा जोर नसतो आणि फळी पाण्यात नुसती घासत राहते. परत फिरलो तेव्हा सुकाणू त्यांच्याकडेच. फळी खाली सोडा म्हटलं तर म्हणाले, “वारा कमी आहे, तोल जात नाहीये, कशाला हवी?”

गेटवे बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. बोटीचं तोंड एकदा उत्तरेला, एकदा पश्चिमेला ठेवत चढायचं होतं. तोंड उत्तरेला ठेवलं, शीड छान भरलं, आणि बोट ईशान्येला, घारापुरीच्या रोखाने सरकायला लागली. वाऱ्याविरुद्ध कमाई शून्य. मेहुणे भरतीला दोष देत होते, मग शीड जुनं म्हणाले. मी त्यांना पाण्यात मागे उमटणारी रेघ दाखवली. ती बोटीच्या मागे सरळ न जाता तिरकी वाऱ्याकडे जात होती. प्रवाहाने सगळं पाणीच वाहत असेल तर ही रेघ अशी तिरकी होत नाही. बोट पाण्यावरून घसरत असेल तरच होते.

शेवटी फळी मीच सोडली. बोट लगेच जास्त कलली, मेहुणे घाईने वरच्या कडेला जाऊन बसले, आणि घसरणं थांबलं. तोल सांभाळणारी वस्तू खाली सोडल्यावर बोट जास्त का कलावी? कारण वरून शीड एकीकडे ओढतं आणि खालून फळी दुसरीकडे धरते.

घसरणं थांबलं म्हणजे अगदी शून्य झालं नाही. तीन-चार अंश घसरण राहतेच, आणि ती लागतेच. त्यामुळे पाणी फळीला किंचित तिरकं भेटतं आणि फळीवरही लिफ्ट तयार होते, शिडाच्या उलट दिशेला. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, म्हणून एवढ्या मोठ्या शिडाला एवढीशी फळी पुरते. पण त्यासाठी वेग हवा. मेहुण्यांची दुसरी खोड इथे नडते: तोंड वाऱ्याकडे दाबत राहायचं. समजा 45 अंशांवर 4 नॉट मिळतात, तर वाऱ्याकडे सुमारे 2.8 नॉटने सरकता. 35 अंशांवर दाबलं आणि वेग 3 झाला तर सुमारे 2.5 उरतात, शिवाय फळी मंदावून घसरण वाढते ती वेगळीच. शिडाची पुढची कड फडफडली की समजा, दाबताय. टॅकनंतर आधी तोंड वाऱ्यापासून थोडं दूर वळवून वेग घ्या, मग चढा.

45 हा आकडा सगळ्या बोटींना लागू नाही. शर्यतीच्या चांगल्या बोटी याहून वर चढतात, जुन्या धाटणीच्या गलबतांना तेवढंही जमत नाही. मोठ्या यॉटच्या कीलमध्ये शिसं किंवा लोखंड असतं आणि ते तोलासाठीच असतं, हेही खरं. मेहुणे प्रत्येक वेळी तेवढंच धरून बसतात. पण आमच्या डिंगीची फळी लाकडाची होती, पाण्यात टाकली तर तरंगते. तिने कसला तोल सांभाळायचा, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.