दोन सत्त्या आल्या म्हणजे डबल झालं असं नाही

"ताई, टॅरोचा लव्ह स्प्रेड काढला तर दोन सत्त्या एकदम आल्या, त्यातली एक तलवारीची. एक आली असती तर सोडून दिलं असतं, पण दोन? तो माका फसवता काय?"

आधी गणित सांगते, कारण अर्धी भीती तिथेच उतरते. टॅरोच्या डेकमध्ये 78 पानं. त्यातली 22 मोठी, ती एकेकटीच असतात. उरलेल्या 56 पानांत चार रंग, म्हणजे एक्क्यापासून राजापर्यंत प्रत्येक दर्जाची चार-चार पानं. आता यातली पाच पानं काढली तर एकाच दर्जाची निदान दोन येण्याची शक्यता साधारण चारात एक आहे, मग त्या दुऱ्या असोत, राण्या असोत नाहीतर नव्व्या. रोज संध्याकाळी स्प्रेड काढणाऱ्या पोरीला आठवड्यातून एक-दोनदा अशी जोडी दिसणारच. नेमक्या सत्त्यांचीच जोडी हवी असेल तर ती शंभरात दोनदा. म्हणजे कमी येते खरी, पण आकाश कोसळावं इतकी नाही.

दुसरं म्हणजे जोडीचा ठरलेला अर्थ पुस्तकात शोधू नका, तिथे एकमत नाहीच. आपण जो डेक वापरतो तो 1909 चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथची आणि कल्पना आर्थर वेटची. या वेटनं एका दर्जाची पानं परत परत आली तर काय समजायचं याचा एक तक्ता दिलाय, त्यात सुलट आलेल्या दोन सत्त्या म्हणजे 'बातमी'. आणि साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी परंपरेत दोन सत्त्या म्हणजे दोघांचं एकमेकांवर प्रेम. फसवणूक दोन्हीकडे नाही! ती येते तलवारीच्या सत्तीच्या एकटीच्या अर्थातून, तोही लोक व्हिडिओ बघून पाठ करतात, आणि मग दुसरी सत्ती दिसली की त्याला दोननं गुणतात.

आता गोष्ट. (तपशील बदललेत, आणि सहा-सात भेटी झाल्या होत्या त्या इथे दोन-तीनमध्ये कोंबल्यात.)

मुलगी मालवणकडची, सत्तावीस वर्षांची, घरचं होमस्टे सांभाळणारी. मुलगा देवगडचा, आंब्याच्या बागा. चार वर्षांचं जमलेलं, पण लग्नाचा विषय निघाला की तो म्हणायचा, यंदाचा सीझन होऊ दे. असे दोन सीझन गेले. तिसऱ्या वेळी त्याचे फोन कमी झाले आणि हिनं पानं काढली. मोबाइलवर फोटो दाखवत माझ्या पडवीत बसली तेव्हा डोळे रडून सुजलेले होते.

पाच जागांचा स्प्रेड होता. तू, तो, दोघांमधलं, अडतंय कुठे, आणि पुढचं पाऊल. 'दोघांमधलं'वर सहा कपांचं पान होतं, अडतंय तिथे चंद्र, शेवटी तलवारीची राणी. आणि पहिल्या दोन जागांवर शेजारी-शेजारी दोन सत्त्या, एक तलवारीची आणि एक पेंटॅकलची, म्हणजे नाण्यांची.

मी म्हटलं, "तलवारीची सत्ती कुठल्या जागी आहे?"

"त्याच्या."

"फोटो नीट बघ गो."

तिनं झूम केलं, निरखून बघितलं आणि गप्प झाली. तलवारीची सत्ती 'तू' या जागेवर होती. तिच्या स्वतःच्या. काढताना तिनंच ठेवली होती, पण भीती इतकी तयार बसलेली की पान दिसल्याबरोबर तिनं ते मनातल्या मनात उचलून त्याच्या जागी ठेवलं. मी अकरा वर्षं हे काम करतेय आणि सांगते, दोन सत्त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दोन पानं एकाच आकड्याची असली की नजर आकड्याला चिकटते, जागा पुसल्या जातात, आणि वाईट वाटणारं पान आपोआप समोरच्याच्या नावावर जातं.

मग आम्ही अर्थ बाजूला ठेवून चित्रच बघितलं. तंबूंच्या छावणीतून एक माणूस चवड्यांवर निघालाय. हातात पाच तलवारी, दोन मागे जमिनीत रोवलेल्या राहिल्यात. पाय एकीकडे निघालेत पण मान वळून मागे. "हा काय करतोय?" मी विचारलं. "चोरी," ती लगेच म्हणाली. मी म्हटलं, असेल, पण चोर असता तर सातही नेल्या असत्या, हा दोन ठेवून का चाललाय? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मी पासपोर्ट काढलंय."

दुबईतल्या एका हॉटेलमधल्या नोकरीसाठी तिनं अर्ज केला होता, फोनवर इंटरव्ह्यू झाला होता, कागदपत्रं गेली होती. सगळं गुपचूप. "दोन तलवारी राहिल्या त्या कुठल्या?" तर म्हणाली, "आईक सांगूक नाय, आणि तेका सांगूक नाय." पाच कामं उरकली होती, दोन सांगणी मागे राहिली होती. (प्रत्येकाचा हिशोब इतका पाच-दोन असा बसत नाही हं, तो त्या दिवशी बसला. पण उरलेल्या दोनबद्दल मी नेहमी विचारते, कारण लपवणारा माणूस काहीतरी मागे टाकतोच.)

आता दुसरी सत्ती, त्याच्या जागेवरची. शेतकरी फावड्यावर हात टेकून झुडपाकडे बघत उभा आहे, सहा नाणी झाडावर, एक पायाशी. तिला हे पान आळशी वाटलं होतं, नुसता उभा आहे म्हणून. तिलाच विचारलं, देवगडात मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागायतदार काय करतो? हसली. तीन-चार महिने फवारण्या, तुडतुडे, थ्रिप्स, अवेळी पाऊस आला की झोप उडालेली, आणि उरलेला वेळ नुसतं वर बघत उभं राहायचं. तो माणूस आळशी नाही, त्याचं सगळं झाडावर अडकलंय आणि हातात अजून काही पडलेलं नाही. "यंदा मोहोर कसा होता त्याचा?" तिला माहीत नव्हतं. चार वर्षांचं नातं आणि हे विचारलेलंच नव्हतं.

इथपर्यंत दोन पानं वेगवेगळी वाचून झाली होती. जोडी म्हणून त्यांचं काय करायचं हे मात्र मलाही त्या दिवशीच कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमान आहे मला, कारण ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, गणपतीतल्या जागरणात मिळालं. मी तिला विचारलं, बदाम सात खेळतेस ना? कोकणात हा प्रश्न विचारायचा नसतोच. या खेळात प्रत्येक रंग सत्तीपासून उघडतो, एका बाजूला छक्की लागते, दुसऱ्या बाजूला अठ्ठी. सत्ती पडेपर्यंत त्या रंगाची बाकीची पानं सगळ्यांच्या हातात कुजतात. आणि ज्याच्याकडे सत्ती आहे तो दुसरं काही खेळता येत असेल तोवर ती दाबून बसतो, समोरचा पास म्हणत राहतो, आणि याला वाटतं आपण हुशार.

ती एकदम म्हणाली, "म्हणजे दोघांनीही दाबून ठेवलीहा."

मी नुसती मान हलवली. एका रंगाची सत्ती हिच्याकडे, दुसऱ्या रंगाची त्याच्याकडे, दोघंही पास-पास म्हणतायत आणि दोघांनाही वाटतंय की खेळ समोरच्यानं अडवलाय. तेव्हापासून एकाच दर्जाची दोन पानं 'तू' आणि 'तो' या जागांवर आली की मी तिसऱ्या अर्थाच्या मागे लागत नाही. आकडा सांगतो की दोघं एकाच टप्प्यावर उभे आहेत, आणि रंग सांगतो कोण कशापाशी अडलंय. तलवार म्हणजे न बोललेलं. नाणी म्हणजे पैसा, जमीन, काम. कपांची सत्ती असती, ढगातले सात कप, तर तो माणूस पर्यायांच्या स्वप्नात आहे, ठोस काहीच हातात घेत नाहीये. काठ्यांची असती तर उंचवट्यावर उभा राहून खालून येणाऱ्या सहा काठ्यांशी झुंजणारा, तिथे बहुतेक वेळा घरचे लोक निघतात. आणि मोठ्या पानांतला रथ सातव्या क्रमांकाचा आहे म्हणून त्याला सत्ती धरू नका, तो रंगाचा पत्ता नाही.

जागा वेगळ्या असतील तर वाचनही बदलतं. एक सत्ती 'तू'वर आणि दुसरी 'अडतंय कुठे'वर आली तर त्या दोन्ही बहुधा तुमच्याच असतात, समोरच्याला त्यात ओढू नका. दोन्ही पानांच्या मधे एखादं पान असेल तर ते आधी वाचा. तिच्या स्प्रेडमध्ये मधे काहीच नव्हतं, दोघं चिकटून, आणि तरी एक मागे बघतोय, दुसरा झाडाकडे, एकमेकांकडे कोणीच नाही.

तो खरंच फसवत असता तर पानांनी सांगितलं असतं का? नाही. पान पुरावा नसतो. त्यासाठी त्यालाच विचारावं लागतं आणि त्याच्या उत्तराचा त्याच्या वागण्याशी मेळ बसतो का ते बघावं लागतं. आणि कोणी मारत असेल, धमकावत असेल तर माझ्याकडे पानं घेऊन येऊ नका, तिथे आपण वेगळं बोलू.

तिनं त्याला सांगितलं, तेही देवगडला जाऊन, फोनवर नाही. तो चिडला, आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी फोन करून म्हणाला की मोहोर अर्ध्याहून जास्त गळलाय, गेल्या वर्षीचं कर्ज अजून डोक्यावर आहे, आणि हे सांगितलं तर तू सोडून जाशील असं वाटलं म्हणून फोन टाळत होतो. दुबईचं अजून ठरलेलं नाही, लग्नाचंही नाही. आईला मात्र सांगितलंय, आणि आई आता माझ्यावर रागावलीय.

परवा रात्री अकराला तिचा मेसेज आला, "ताई परत काढलं, आता कपांची सत्ती." मी लिहिलं, "कुठल्या जागी?" दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं.