कपॅसिटर डीसी ‘अडवतो’ आणि एसी ‘जाऊ देतो’ म्हणजे काय?

प्रश्न : ‘कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये वीज न वाहणारा थर असतो. मग एसी त्यातून जातो असं का म्हणतात? आणि डीसीच तेवढा का अडतो?’

त्या थरातून इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीत, डीसीचेही नाहीत आणि एसीचेही नाहीत. ‘जाऊ देतो’ हा बोलण्यातला सैलपणा आहे. पलीकडे पोहोचतो तो व्होल्टेजमधला बदल.

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्या. त्याच्या आउटपुटवर आवाज नसतानाही ४.५ व्होल्ट डीसी असतो. पुढे १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

बटण दाबताच डावी पट्टी ४.५ व्होल्टवर चढते. कपॅसिटर अजून रिकामा, म्हणून उजवी पट्टीही तिच्याबरोबर तेवढीच वर जाते. म्हणजे पहिल्या क्षणी डीसीसुद्धा ‘गेला’! बटण दाबल्यावर स्पीकरमध्ये येणारा ‘थप्’ आवाज याचाच. पण उजवीकडचा चार्ज व्हॉल्यूम कंट्रोलमधून ग्राउंडला वाहत राहतो आणि कपॅसिटर भरत जातो. १० किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरड म्हणजे १० मिलिसेकंद. एवढ्या वेळात उजवीकडे १.६५ व्होल्ट उरतात, ५० मिलिसेकंदांत जवळजवळ शून्य. आता कपॅसिटरवरच ४.५ व्होल्ट साठले आहेत आणि प्रवाह थांबला आहे. ‘अडवतो’ हा शब्द इथून पुढे खरा.

आता १ किलोहर्ट्झचा आवाज आला. डावी पट्टी ४.४ ते ४.६ व्होल्टमध्ये हलू लागली. अर्धी लाट अर्ध्या मिलिसेकंदात संपते आणि तेवढ्यात कपॅसिटरवरचे ४.५ व्होल्ट तीनेक मिलिव्होल्टनेच बदलतात. दोन पट्ट्यांमधला फरक जवळपास तोच राहिला, म्हणजे डावी जितकी हलेल तितकीच उजवीही हलणार, फक्त शून्याभोवती. दोन्ही तारांमध्ये इलेक्ट्रॉन पुढे-मागे होत राहतात, थर मात्र कुणी ओलांडत नाही.

लाट फार संथ असेल, तर कपॅसिटरला भरायला-रिकामं व्हायला सवड मिळते आणि पलीकडचा सिग्नल क्षीण होतो. या जोडीत साधारण १६ हर्ट्झला तो ७१ टक्क्यांवर येतो. १ ऐवजी ०.०१ मायक्रोफॅरड बसवला, तर तीच हद्द १६०० हर्ट्झवर जाते आणि आवाज पातळ, तबल्याचा बायाँ गायब. एसी ‘जातो’ म्हणताना किती वेगाचा, हे म्हणूनच विचारावं लागतं.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असेल, तर अधिक टोक ४.५ व्होल्टच्या बाजूला हवं. उलटं बसवलं किंवा कपॅसिटर जुना झाला, की थोडा डीसी गळू लागतो. मग व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर येते. तेव्हा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार ग्राउंडला आणि लाल तार कपॅसिटरच्या उजव्या टोकाला लावा. चालू करून काही सेकंद थांबल्यावर शून्याच्या आसपास आकडा दिसायला हवा. अर्धा-एक व्होल्ट टिकून राहिला, तर कपॅसिटर बदला.