पणजोबांच्या व्हिडिओ कॉलची कॅप्शन

आजोबांच्या पणतीसोबतच्या व्हिडिओ कॉलच्या फोटोखाली ‘अनमोल क्षण’ लिहू नकोस. तो फोटोत दिसतोच. फोटोत न दिसणारं लिही: आजोबा काय बोलले, काय केलं. तू सांगितलंस ना, खानापुरातून त्यांनी स्क्रीनसमोर कुंद्याच्या मिठाईचा डबा धरला? तेच घे:

“पणजोबांनी पणतीसाठी कुंदा राखून ठेवलाय. तिला दात यायचेत, त्यांचे पडलेत. दोघं थांबायला तयार आहेत.”

आधी हसू, मग गलबलून येणं. उलट केलंस तर शेवटी नुसता विनोद उरतो. आजोबांना फोन धरता येत नाही यावर मात्र हसवू नकोस, ते बिचारे दुखावतात. शब्द त्यांच्याच बोलीतले ठेव. पहिल्याच ओळीत कुंदा यायला हवा, कारण लांब कॅप्शन पुढे झाकली जाते. आणि टाकण्याआधी त्यांना वाचून दाखव.