धक्का न देताही σₓσₚ ≥ ħ/2

प्रश्न: बारावीपासून ऐकत आलोय की इलेक्ट्रॉन बघायला फोटॉन मारला की त्याला धक्का बसतो आणि म्हणून स्थान आणि संवेग दोन्ही एकदम अचूक कळत नाहीत. आता एमएस्सीला सर म्हणतात, हे कम्यूटेटरवरून येतं, धक्क्याचा संबंध नाही. मग धक्क्याची गोष्ट खोटी का?

उत्तर: खोटी नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या सरांची गोष्ट आधी पूर्ण करून टाकू, म्हणजे धक्का नेमका कुठे बसतो ते दिसेल.

कम्यूटेटर काढताना ऑपरेटर हवेत ठेवू नका, एखाद्या ψ वर चालवा. p म्हणजे −iħ d/dx. आधी p मग x लावला तर −iħxψ′ मिळतं. आधी x मग p लावला तर गुणाकाराच्या नियमाने −iħψ − iħxψ′. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतं iħψ:

[x, p] = iħ

आता सरासरी बाजूला काढा: A = x − ⟨x⟩ आणि B = p − ⟨p⟩. आकडे वजा केल्याने कम्यूटेटर बदलत नाही, म्हणजे [A, B] = iħ च राहतो. आणि ⟨A²⟩ = σₓ², ⟨B²⟩ = σₚ². मग λ ही कोणतीही वास्तव संख्या घेऊन (A + iλB)ψ ही अवस्था बनवा. कुठल्याही अवस्थेच्या लांबीचा वर्ग ऋण असू शकत नाही, एवढंच वापरायचं आहे:

⟨(A − iλB)(A + iλB)⟩ = σₓ² + iλ⟨[A, B]⟩ + λ²σₚ² = σₓ² − ħλ + λ²σₚ² ≥ 0

λ मधली ही वर्गराशी कधीच शून्याखाली जात नाही, म्हणजे तिचा विवेचक धन नसणार: ħ² − 4σₓ²σₚ² ≤ 0. झालं, σₓσₚ ≥ ħ/2. बरोबरीचं चिन्ह कधी येतं तेही यातच आहे. (A + iλB)ψ = 0 हे समीकरण सोडवलं की गाउसियन मिळतो, दुसरं काही नाही.

ही सिद्धता परत वाचा आणि मोजमाप कुठे आलं ते शोधा. उपकरण नाही, फोटॉन नाही, ‘आधी’ आणि ‘नंतर’ही नाही. आहे ती एकच अवस्था ψ आणि तिच्यातले दोन प्रसार. σₓ ही मोजपट्टीची चूक नव्हे. वर्गातल्या मुलांच्या उंचीचं प्रमाण विचलन पट्टी कितीही चांगली आणली तरी कमी होत नाही, तसंच हे.

प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर अगदी सारख्या तयार केलेल्या हजारो इलेक्ट्रॉनांपैकी निम्म्यांचं फक्त स्थान मोजा, उरलेल्या निम्म्यांचा फक्त संवेग. दोन्ही गटांच्या आकड्यांचं विचलन काढा आणि गुणाकार करा. इथे एकाही इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापं झालेली नाहीत. स्थान मोजताना बसलेला धक्का संवेगाच्या आकड्यात शिरायला वाटच नाही, कारण ते इलेक्ट्रॉनच वेगळे. तरी गुणाकार ħ/2 च्या खाली जात नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट करू. L रुंदीच्या पेटीत इलेक्ट्रॉन सगळ्यात खालच्या पातळीवर आहे, ψ = √(2/L) sin(πx/L). यात ⟨p⟩ = 0 आणि ⟨p²⟩ = (πħ/L)², म्हणून σₚ = πħ/L. स्थानाचं इंटिग्रेशन केलं की σₓ = L√(1/12 − 1/2π²), म्हणजे सुमारे 0.181 L. गुणाकारात L उडून जातो आणि राहतं 0.568ħ. मर्यादा 0.5ħ, म्हणजे हा साइन गाउसियन नसूनही तिच्या बराच जवळ आहे. L = 1 नॅनोमीटर घेतलात तर स्थानाचा प्रसार 0.18 नॅनोमीटर आणि वेगाचा प्रसार सेकंदाला जवळपास 360 किलोमीटर. त्याला कुणी हातही लावलेला नाही. संवेग बघायचाच असेल तर भिंती एकदम काढून घ्या, इलेक्ट्रॉनला दूरवर जाऊ द्या आणि किती वेळात किती अंतर कापलं यावरून p काढा. तो 360 चा पसारा असाच दिसेल, स्थान आधी मोजलं नसतानाही.

एक सावधगिरी. ‘कम्यूटेटर आला की लगेच मर्यादा आली’ असं लिहू नका. कण वर्तुळावर फिरत असेल तर कोन φ आणि कोनीय संवेग Lz यांचाही कम्यूटेटर वरवर iħ च दिसतो. पण e^(imφ) या अवस्थेत Lz अगदी ठरलेला, प्रसार शून्य, आणि φ चा प्रसार 2π/√12, म्हणजे सुमारे 1.81 रेडियन. गुणाकार शून्य! घोटाळा सिद्धतेच्या मधल्या ओळीत आहे. B एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना आपण गुपचूप खंडशः इंटिग्रेशन करतो आणि टोकांचं पद सोडून देतो. पेटीत भिंतींपाशी ψ शून्य असल्याने ते पद खरंच मरतं. वर्तुळावर φψ ची किंमत 0 आणि 2π ला वेगळी, म्हणून ते उरतं. परीक्षेत हे सहसा कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं.

आता धक्का. 1927 साली हायझेनबर्गने गॅमा किरणांचा सूक्ष्मदर्शक कल्पून जे मांडलं ते अंदाजी गणित होतं. σ घेऊन काटेकोर सिद्धता त्याच वर्षी केनार्डने दिली आणि 1929 मध्ये रॉबर्टसनने ती कुठल्याही दोन ऑपरेटरांसाठी केली. पाठ्यपुस्तकांत चित्र हायझेनबर्गचं आणि सूत्र केनार्डचं असं एकत्र छापलं जातं, गोंधळ तिथेच होतो. शिवाय त्या सूक्ष्मदर्शकातला कच्चा दुवा बोरने तेव्हाच दाखवला होता. फोटॉन ठरावीक धक्का देत असेल तर तो हिशेबातून वजा करता येईल, मग अनिश्चितता कुठून आली? ती येते भिंगाच्या रुंदीमुळे. फोटॉन भिंगात कोणत्या कोनातून शिरला ते माहीत नाही, म्हणून धक्का किती ते माहीत नाही. म्हणजे धक्क्याचा युक्तिवाद चालायलासुद्धा फोटॉनची स्वतःची अनिश्चितता आधी मानावी लागते.

तरी ‘स्थान ε एवढ्या चुकीने मोजलं तर संवेग η ने किती बिघडेल?’ हा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर केनार्डच्या सूत्रात नाही. 2003 मध्ये ओझावाने त्यासाठी वेगळी असमानता दिली:

ε(x)η(p) + ε(x)σ(p) + σ(x)η(p) ≥ ħ/2

पहिलं पद एकटं ħ/2 च्या खाली जाऊ शकतं, बाकीची दोन भरून काढतात. 2012 मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनच्या स्पिनवर याचीच स्पिनसाठीची आवृत्ती तपासली गेली आणि चूक × बिघाड हा गुणाकार नुसत्या धक्क्याच्या हिशेबाने यायला हवा त्याहून कमी निघाला. ‘हायझेनबर्ग चुकला’ अशा बातम्या आल्या त्या यावरून. σ च्या असमानतेला मात्र त्यात ओरखडाही आला नव्हता. आणि वाद तिथेही संपला नाही: 2013 मध्ये बुश, लाहती आणि वेर्नर यांनी चूक आणि बिघाड यांची व्याख्या दुसऱ्या पद्धतीने केली, तर त्यांचा गुणाकार ħ/2 च्या खाली जात नाही हे सिद्ध केलं.