लोखंडी नळीवर पाय दिला तर

“मॅडम, बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. चौकापर्यंत चाललं की पोटरी भरून येते, थांबावं लागतं. पायाची एबीआय तपासणी केली. आकडा एकच्या बराच वर आलाय. तपासणारा म्हणाला, एकपेक्षा जास्त म्हणजे रक्त उत्तम पोहोचतंय. मग दुखतंय कशानं? आम्ही निश्चिंत राहावं का?”
— एक मुलगी, सोलापूर

निश्चिंत राहू नका. का, ते सांगण्यासाठी मला एका मामांची गोष्ट सांगावी लागेल. मधुमेही पायांच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते. औषध डॉक्टर लिहितात आणि त्यांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस “म्हणजे नक्की काय झालंय?” असं मला विचारतो. मामा असेच आले होते, हातात रिपोर्ट आणि पायात गुडघ्यापर्यंत घट्ट मोजे घालून.

वय ६४. पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. चौदा वर्षांची शुगर, दिवसाला विडीचं एक बंडल. दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची फेरी करणारा हा माणूस. त्या जानेवारीत मात्र अर्ध्यावर बाजूला होऊन एका दुकानाच्या पायरीवर बसला. त्यांना लाज वाटली होती ती दुखण्यापेक्षा त्या बसण्याची.

दुखणं कसं आहे, हे विचारलं तेव्हा त्यांनी नकळत अर्धं निदान स्वतःच सांगितलं. “नऊ खांब चाललो की उजवी पोटरी दगड होते. पानपट्टीपाशी दोन-तीन मिनिटं उभा राहतो, मोकळी होते. पुढे परत नऊ खांब.” विजेच्या खांबांनी अंतर मोजायची त्यांची पद्धत मला फार आवडली. मी पुढचं विचारलं, “मामा, मागावर आठ तास उभं राहायचात, तेव्हा दुखायचं का?” ते म्हणाले, “उभ्यानं कधीच नाही.”

हे महत्त्वाचं आहे. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहूनही पाय भरून येतात आणि आराम पडायला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पडणाऱ्या पोटरीला फक्त काम थांबायला हवं असतं. उभ्याउभ्या दोन मिनिटांत ती शांत होते आणि पुढे साधारण तेवढंच अंतर गेलं की पुन्हा कुरकुरते. बाबांना हे दोन प्रश्न आजच विचारून घ्या.

आता रिपोर्ट. मामांच्या कागदावर उजव्या पायापुढे १.४४ आणि ‘नॉर्मल’ असं होतं, डाव्यापुढे ०.८२ आणि ‘सौम्य आजार’. घरच्यांनी त्यावरून डावा पाय सांभाळायला घेतला. उजव्याचं दुखणं स्नायूचं समजून रोज तेल लावून रगडणं सुरू झालं, आणि सुनेनं ऑनलाइन ते घट्ट मोजे मागवले. दुखत होता उजवा पाय आणि कागद म्हणत होता तोच चांगला!

एबीआय म्हणजे साधा भागाकार. माणसाला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं, दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं वरचं प्रेशर डॉप्लरच्या पेननं घ्यायचं. घोट्यापाशी दोन धमन्या असतात, एक पावलाच्या वर आणि एक आतल्या घोट्यामागे. त्यातला मोठा आकडा घेऊन त्याला दोन दंडांपैकी मोठ्या आकड्यानं भागायचं. मामांच्या दंडांचं प्रेशर १३६ आणि १४४ होतं, म्हणून भागायचं १४४ नं. डाव्या घोट्यात ११८ आणि ११० होते. ११८ ला १४४ नं भागलं की ०.८२ येतं. उजव्या घोट्यात २०८ आणि १९६ होते, म्हणून १.४४. गणित बरोबर होतं. चूक पुढे होती.

१ ते १.४० हा आकडा नेहमीचा धरतात. ०.९० किंवा खाली गेला तर पायाकडे जाणारी वाट अरुंद झालेली असते, आणि ०.९१ ते ०.९९ म्हणजे काठावर. पण १.४० च्या वर गेला तर तो जास्त चांगला नसतो. तो वाचताच येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मामांना मी नळाच्या पाण्यावरून सांगितलं. आपल्या सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे नळ्यांचं शास्त्र सगळ्यांना पाठ असतं. अंगणात रबरी नळी पसरलीय आणि तिच्यावर पाय दिला, तर पाणी थांबतं. किती जोर लागला, त्यावरून आतल्या दाबाचा अंदाज येतो. दंडाला किंवा घोट्याला बांधलेला पट्टा हेच करतो. आता त्याच जागी लोखंडी नळी ठेवा आणि कितीही जोरानं पाय द्या. पाणी थांबणार नाही. “म्हणून लोखंडी नळीत पाणी भरपूर येतं म्हणाल का, मामा?” ते हसले. “टाकी रिकामी असली तरी नळी दबायची नाहीच की.”

बरीच वर्षं शुगर असली किंवा किडनीचा आजार जुना असला, की घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीच्या मधल्या थरात चुना साठतो. भिंत कडक होते. पट्ट्याला ती दाबायला जास्त प्रेशर लागतं आणि आकडा फुगतो. २०८ हे मामांच्या रक्ताचं प्रेशर नव्हतंच, ते नळीच्या कडकपणाचं माप होतं. वर मांडीत धमनी आतून चोंदलेली असली तरी खाली घोट्यात आकडा मोठाच येणार. कधी कधी तर फुगलेला आकडा १.१ वर येऊन बसतो आणि अगदी निरोगी दिसतो. म्हणून शुगरवाल्या माणसाची पोटरी चालताना भरत असेल, तर एबीआय नॉर्मल आला तरी माझा त्यावर पूर्ण विश्वास बसत नाही.

खरं-खोटं कसं ठरवायचं? डॉक्टरांनी आधी बोटांनी पाहिलं. उजव्या पावलावर नाडी लागत नव्हती. मग डॉप्लरचा आवाज मामांनाही ऐकवला. चांगल्या धमनीत ठोका चटकदार आणि तुटक येतो, पुढे-मागे होणारा. उजवीकडे फक्त एक संथ, लांबलेला ‘फूऽऽस’ होता. एवढा मोठा आकडा आणि असा मेलेला आवाज, हे एकमेकांशी जुळत नाही.

त्यानंतर अंगठ्याचं प्रेशर घेतलं. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्यांत हा चुना बहुधा साठत नाही, म्हणून तिथला आकडा खोटं कमी बोलतो. अंगठ्याला छोटा पट्टा आणि टोकाला प्रकाशाचा सेन्सर लावतात. पाय गार असेल तर आकडा उगाच कमी येतो, म्हणून आधी पांघरूण घालून पाय गरम होऊ दिले. उजव्या अंगठ्यात ६२, भागिले १४४, म्हणजे ०.४३. डाव्यात ८४, म्हणजे ०.५८. हा आकडा ०.७० च्या वर असावा लागतो. म्हणजे दोन्ही पाय आजारी होते आणि जास्त आजारी होता तो ‘नॉर्मल’ उजवा. पुढे कलर डॉप्लरमध्ये उजव्या मांडीतली मुख्य धमनी चोंदलेली दिसली. पोटरीला रक्त तिथूनच खाली येतं.

घट्ट मोजे त्याच दिवशी उतरवले. मोजे पाय सुजणाऱ्यांना, शिरांच्या आजाराला उपयोगी असतात. ज्या पायात मुळात रक्त कमी पोहोचतंय त्याला बाहेरून आवळलं, तर होतं तेवढंही अडतं. तुमच्या घरीही असे मोजे आले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. गरम पाण्याची पिशवीही नको. शुगरच्या पायाला चटका कळत नाही आणि कमी रक्तात जखम भरत नाही. मामा उन्हाळ्यातही सिद्धेश्वराच्या दर्शनाला अनवाणी जायचे. तापलेल्या फरशीवरून चालायचं नाही, यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी सकाळी ऊन चढायच्या आत जायचं, यावर तोड निघाली.

मामींना वाटत होतं, आता पाय कापणार. हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. नुसती चालतानाची पोटरीदुखी असलेल्या बहुतेकांचा पाय कापावा लागत नाही. धोका जास्त असतो तो हृदयाला आणि मेंदूला, कारण जे मांडीतल्या धमनीत झालंय ते तिथेही होत असतं. म्हणून पाय दुखतोय म्हणून आलेल्या मामांना कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. पाय दुखतोय आणि गोळी हृदयाची का, म्हणून लोक ती बंद करतात. मामांनीही पहिल्या महिन्यात केली होती.

विडीचं काम अवघड होतं, कारण मामी घरी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी तेंदूची पानं. “सोडा” म्हणणं म्हणजे चुलीवर पाणी ओतणं. मी मामींचा धंदा बाजूला ठेवला आणि मामांच्या दिवसातल्या विड्या मोजल्या. सगळ्यात घट्ट बसलेली होती ती सकाळच्या चहाबरोबरची. तारीख ठरवली, डॉक्टरांनी निकोटीनची चघळायची गोळी दिली आणि मामींनी सूप मागच्या पडवीत हलवलं. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा टिकले.

आणि चालणं. दुखतंय तर चालू नये, असं घरच्यांना वाटतं. इथे उलट आहे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण मोकळी झाली की पुन्हा निघायचं. सुरुवातीला थांबे धरून अर्धा तास, पुढे पाऊण ते एक तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, असं बारा आठवडे. पण आधी पायाला जखम नाही आणि छातीत दुखत नाही, हे डॉक्टरांनी पाहिलेलं हवं. मामा तळ्याच्या काठानं बूट घालून चालायचे आणि वहीत खांब लिहायचे.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. उजवा एबीआय पुन्हा १.४४, अंगठ्याचा ०.४५. मामा खट्टू झाले, “काहीच फरक नाही की!” मी वही उघडायला लावली. नऊ खांबांचे एकवीस झाले होते. चोंदलेली धमनी चालण्यानं उघडत नाही. स्नायू आहे त्या रक्तात जास्त काम करायला शिकतो आणि आजूबाजूच्या बारीक वाटाही थोडा हातभार लावतात. ते एबीआयच्या आकड्यात दिसेलच असं नाही.

आता तुमच्या बाबांसाठी. नुसता शेवटचा भागाकार नको, दंडाचे दोन आणि घोट्याचे चार असे सगळे मूळ आकडे मागून घ्या आणि अंगठ्याचं प्रेशर करता येईल का, ते विचारा. त्यांचा आकडा १.४० च्या आत असेल तर डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा एबीआय घेऊ शकतात. अरुंद वाटेत तो चालल्यावर एकदम खाली येतो. रात्री झोपेत पाऊल दुखून ते खाटेखाली लोंबतं सोडावं लागत असेल, किंवा बोटावर जखम, काळेपणा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला तर मोठ्या दवाखान्यात तासाभरात पोहोचायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.