नवी डार्क जीन्स धुताना

अरे, मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हे डोक्यातून काढ. जीन्सचा निळा रंग, म्हणजे इंडिगो, धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातच नाही, वरवर बसतो, म्हणून घासलं की सुटणारच. ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर घासून बघ, निळं झालं तर ती एकटीच धुवायची. उलटी कर, चेन-बटण लाव, गार पाणी, थोडं लिक्विड डिटर्जंट, ब्रश अजिबात नको. आणि ड्रायर तर विसरच, कापूस आकसतो आणि स्ट्रेचवाली असेल तर उष्णतेने त्यातला ताणणारा धागा, इलॅस्टेन, मरतो, मग गुडघे पिशवीसारखे लोंबतात आणि ते काही परत येत नाहीत. ओली असतानाच कंबर-लांबी हाताने ओढून सावलीत वाळव. एरवी डाग ओल्या फडक्याने पूस, घामाचा वास आला की मात्र धूच, घामाने शिवण लवकर विरते.