गॉगल, परात आणि कागदी चष्मा: सूर्यग्रहण बघण्याआधी घरी काय तपासायचं

प्रश्न: 2019 च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला एका प्रदर्शनातून घेतलेले तीन कागदी चष्मे कपाटात सापडले. त्यांवर ‘आयएसओ 12312-2’ छापलंय, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. 2 ऑगस्ट 2027 ला मुलांना ग्रहण दाखवायचं आहे. मिस्टरांचं म्हणणं, त्यांचा पोलराइज्ड, यूव्ही 400 वाला गॉगल पुरेसा आहे, फार तर एकावर एक दोन लावू. सासूबाई म्हणतात परातीतल्या पाण्यात बघा, आम्ही तसंच बघायचो. यातलं काय चालेल? आणि चष्मे चांगले आहेत की नाही हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर:

ताई, गॉगल नको आणि परातही नको. ते तीन चष्मे मुलांना देऊ नका, असंच माझं मत आहे. मात्र ते जुने आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी एक आकडा लक्षात ठेवा, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. सूर्याकडे थेट बघण्याच्या चष्म्यातून दृश्य प्रकाश जास्तीत जास्त 0.0032 टक्के यावा, असं आयएसओ 12312-2 हे मानक सांगतं. म्हणजे तीस हजारातला एखादा भाग. चांगले चष्मे याहूनही कमी प्रकाश सोडतात.

आता मिस्टरांचा गॉगल घ्या. चांगला गडद गॉगल 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडतो, कारण तो घालून रस्ता दिसायला हवा, गाडी चालवता यायला हवी. हिशेबाला सोपं म्हणून 10 टक्के धरू. मर्यादेच्या हे तीन हजार पट झालं. एकावर एक दोन गॉगल लावले तर दहा टक्क्यांचे दहा टक्के, म्हणजे 1 टक्का प्रकाश येतो. तोही मर्यादेच्या तीनशे पट. तीन लावले तरी तीस पट उरतोच. गॉगलची चळत लावून तुम्ही त्या आकड्यापर्यंत पोचत नाही, आणि शिवाय अवरक्त किरणांचं काय होतं हे अजून मोजलेलंच नाही.

‘यूव्ही 400’ म्हणजे 400 नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण अडवले जातात. उन्हात हिंडायला ते चांगलंच आहे. पण सूर्याकडे टक लावून बघितल्यावर पडद्याला, म्हणजे रेटिनाला, जी इजा होते ती मुख्यतः 400 च्या पलीकडच्या दृश्य प्रकाशातल्या जांभळ्या-निळ्या भागामुळे होते. मोठ्या माणसाच्या डोळ्यातलं भिंग बरेचसे अतिनील किरण तसेही अडवतं. मुलांचं भिंग जास्त नितळ असतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांना धोका अधिक. ‘पोलराइज्ड’चंही तसंच आहे. रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित झालेली चमक ती काच छान मारते, पण सूर्यावरून थेट येणारा प्रकाश ध्रुवीकृत नसतो. त्यातला फक्त निम्माच कमी होतो. दोन पोलराइज्ड काचा एकमेकींना आडव्या धरल्या की मात्र काळोख होतो, आणि इथे हुशार माणसंही फसतात. नेहमीच्या पोलराइज्ड फिल्म जवळच्या अवरक्त किरणांना जवळपास अडवतच नाहीत. डोळ्याला अंधार वाटतो आणि उष्णता मात्र आत जात राहते.

गॉगलचा खरा धोका यापुढचा आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलं की डोळे दिपतात, मिटतात, मान आपोआप वळते. ही आपली नैसर्गिक राखण आहे. गॉगल ती राखणच काढून घेतो: डोळा दिपत नाही, बाहुली थोडी जास्त उघडी राहते आणि माणूस निवांत बघत बसतो. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना काहीच समजत नाही. तासाभराने, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला घेतलं की मधली अक्षरं गायब दिसतात.

‘ग्रहणात सूर्य झाकलेलाच असतो की’ असंही लोक म्हणतात. चंद्र सूर्याचा तुकडा झाकतो, उरलेल्या तुकड्याचं तेज कमी करत नाही. तो तुकडा पडद्यावर ज्या जागी पडतो, तिथे नेहमीच्याच तीव्रतेने भाजतो. पडद्यावर सूर्याची प्रतिमा जेमतेम 0.15 मिलिमीटरची असते, पण आपण ज्याच्याकडे बघतो ते नेमकं पडद्याच्या मधोमध पडतं, आणि वाचायचं, चेहरे ओळखायचं काम तिथेच चालतं. 21 ऑगस्ट 2017 च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये विशीतली एक तरुणी डॉक्टरांकडे आली. तिने आधी उघड्या डोळ्यांनी काही वेळा सुमारे सहा-सहा सेकंद बघितलं होतं आणि नंतर ग्रहणाचा चष्मा लावून पंधरा-वीस सेकंद. न्यूयॉर्कमधून ते ग्रहण खंडग्रासच होतं. चारेक तासांनी तिला धूसर दिसू लागलं, रंग बदललेले वाटू लागले, आणि डाव्या डोळ्यापुढे मधोमध काळा डाग आला. डॉक्टरांनी पडद्याचं सूक्ष्म चित्रण केलं तेव्हा तिथली इजा चंद्रकोरीच्या आकाराची निघाली. ग्रहणातला सूर्य त्या वेळी जसा होता, तसाच. अशा इजेवर खात्रीचा उपचार नाही. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग राहतो.

सासूबाईंच्या परातीबद्दल. सूर्य डोक्यावर असेल तर पाण्यावरून सुमारे 2 टक्के प्रकाश परत येतो, आणि सूर्य कलेल तसं हे प्रमाण वाढतं. 2 टक्के म्हणजे मर्यादेच्या सहाशे पट. पाण्यात हळद किंवा शेण कालवलं तरी परावर्तन वरच्या पृष्ठभागावरूनच होतं, त्यामुळे तो आकडा काही बदलत नाही. त्या पिढीतल्या बहुतेकांना काही झालं नाही, कारण पाणी हलतं आणि माणूस क्षणभरच बघतो. मुलं क्षणभर बघून थांबत नाहीत. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, जुनी सीडी यांची अडचण अशी की प्रत्येक ठिकाणी त्यांची जाडी वेगळी असते, त्यामुळे एका कोपऱ्यात चाललं म्हणून मधे चालेल असं होत नाही. वेल्डिंगची काच मात्र चालते, नंबर 14 ची मिळाली तर उत्तम. दुकानात सहसा 10 किंवा 11 नंबर हातात देतात. 10 नंबरची काच मर्यादेच्या चौपट प्रकाश सोडते, तेव्हा काचेवर कोरलेला नंबर स्वतः वाचून घ्या.

आता चष्म्यांची तपासणी. ती मोठ्या माणसाने करायची, मुलांवर प्रयोग नको.

चष्मा घालायच्या आधी फिल्म उजेडासमोर हातात धरून बघा. घरातल्या एलईडी दिव्यासमोर ती हळूहळू फिरवा. कुठे टाचणीएवढं छिद्र, घडीची रेघ, ओरखडा किंवा फिल्म पुठ्ठ्यापासून सुटलेली दिसली तर तो चष्मा कात्रीने कापून टाका, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही. चंदेरी फिल्मवर धातूचा पातळ थर असतो आणि तो घडीच्या जागी झिजतो. काळ्या फिल्मला हा त्रास कमी. आपल्याकडे पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन डिंक सुटतो, म्हणून कपाटातल्या चष्म्यांच्या कडा नीट बघा.

मग चष्मा घालून घरात फिरा. खिडकी, टीव्ही, माणसं, काहीही दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर फिकट ठिपका दिसला तर चालेल. खोलीतल्या वस्तूंचे आकार कळत असतील तर तो गॉगलच आहे, मग त्यावर काहीही छापलेलं असो. इथे पास झाला तर उन्हात या. झाडं, इमारती, रस्ता, सगळं गडपच हवं. गाडीच्या चकचकीत भागावरचा सूर्याचा कवडसा अंधुक दिसला तर हरकत नाही. शेवटी एक सेकंदापेक्षा कमी वेळ सूर्याकडे नजर टाका. कडा स्पष्ट असलेलं गोल बिंब दिसायला हवं, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकं सुखद, आणि भोवती काळं आकाश. काळ्या फिल्ममधून ते नारिंगी दिसतं, चंदेरीतून निळसर पांढरं. बिंबाभोवती धुरकट प्रभा पसरली असेल किंवा डोळे बारीक करावेसे वाटत असतील तर चष्मा नापास.

ओळखीच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लक्समीटर असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. दुपारचं स्वच्छ ऊन साधारण एक लाख लक्स भरतं. मीटरच्या गोल संवेदकावर फिल्म ठेवून कडा काळ्या चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि तो सूर्याकडे धरा. आकडा 3 लक्सच्या वर गेला तर एकतर कडेतून उजेड शिरतोय किंवा फिल्म खराब आहे.

पण या सगळ्या चाचण्या चष्मा नापास करायला पुरेशा आहेत, पास करायला नाहीत. त्या फक्त दृश्य प्रकाशाबद्दल सांगतात. अतिनील आणि अवरक्त किरण किती गळतात ते प्रयोगशाळेतलं उपकरणच सांगू शकतं. म्हणून चष्मा कोणी बनवला हे माहीत असणं गरजेचं आहे, आणि तुमच्या चष्म्यांचं इथेच अडतं. आयएसओचा क्रमांक कोणीही छापू शकतो. 2017 मध्ये अमेरिकेत नकली चष्म्यांवर तो सर्रास छापलेला सापडला. तेव्हा अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने नुसत्या क्रमांकावर विसंबू नका असं जाहीर केलं आणि खात्रीच्या उत्पादक-विक्रेत्यांची यादीच द्यायला सुरुवात केली. तुमच्या चष्म्यांवर कंपनीचं नाव असतं आणि फिल्म धड असती, तर 2019 चे असूनही मी ते वापरा म्हणालो असतो. मानकाप्रमाणे बनवलेली फिल्म नीट ठेवली तर तीन वर्षांत ‘संपत’ नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांना उत्पादक विचारून बघा. ते सांगू शकले नाहीत तर हे चष्मे सोडा. नवे घेण्यासाठी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांसारख्या आकाशनिरीक्षण करणाऱ्या संस्थांकडे आधीच चौकशी करा. ऐन वेळी सिग्नलवर मिळतात ते घेऊ नका.

2027 चं ग्रहण खग्रास दिसेल ते दक्षिण स्पेन, इजिप्त, सौदी अरेबिया या पट्ट्यात. आपल्याकडे ते दुपार कलल्यावरचं खंडग्रास आहे, त्यामुळे चष्मा काढून बघण्याचा एकही क्षण येणार नाही. ऑगस्ट असल्याने ढग येतील. पातळ ढगातून चष्म्यात काही दिसत नाही म्हणून मुलं चष्मा वर सरकवतात, आणि तेवढ्यात ढग हटतो. त्यांना आधीच सांगून ठेवा: मान खाली, मग चष्मा घाल किंवा काढ. नंबरचा चष्मा असेल तर हा त्यावरून लावायचा. लहान मुलाला तो सैल होतो, मागून इलॅस्टिक बांधा. आणि हा चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून बघू देऊ नका. तिथे एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून डोळ्यात जातो.

चष्मे मिळालेच नाहीत तर छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदाला मधे अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडा आणि आरसा खिडकीत मातीच्या गोळ्यावर टेकवून सूर्यप्रकाश घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत दहा मीटरवर असेल तर सुमारे नऊ सेंटिमीटरचं बिंब उमटतं. त्यात चंद्राने घेतलेला घास स्पष्ट दिसतो, आणि सगळं घर सूर्याकडे पाठ करून एकदम बघू शकतं. मुलांना आरशात मात्र डोकावू द्यायचं नाही, एवढी राखण तिथे एका मोठ्या माणसाने करावी.